स्लाइडवर शून्य दिसलं म्हणजे शून्यच आहे का? प्रौढ हिप्पोकॅम्पसमधल्या नव्या चेतापेशींचा वाद

प्रश्न: «मोठेपणीही मेंदूत रोज नवीन पेशी तयार होतात असं वाचलं होतं. मग कळलं की २०१८ साली ते खोटं ठरलं, आणि पुढच्याच वर्षी परत खरं ठरलं. नक्की काय आहे? आणि इतकी साधी गोष्ट एकदा मोजून का संपवत नाहीत? पळायला गेल्याने या पेशी वाढतात म्हणतात, तेही खरं का?»

आधी थोडक्यात सांगतो. उंदीर आणि घुशीत यावर वाद उरलेला नाही, तिथे मोठेपणीही नव्या चेतापेशी तयार होतात. माणसाच्या बाबतीत माझं मत असं की त्या तयार होत असाव्यात, पण थोड्या, आणि माणसागणिक कमीजास्त. «किती» हा आकडा आज कोणी ठामपणे सांगत असेल तर सावध राहा. २०१८ साली काही «खोटं ठरलं» नाही. एका चांगल्या प्रयोगशाळेला सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडवर काही दिसलं नाही आणि दुसऱ्या चांगल्या प्रयोगशाळेला दिसलं, इतकंच झालं. त्यामुळे सगळं एका मुद्द्यावर येऊन थांबतं: दिसलं नाही, म्हणजे नव्हतंच का?

जागेपासून सुरू करू. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर असलेली साधारण चार सेंटिमीटर लांबीची वळकटी. दोन्ही बाजूंना एकेक. तिच्यात डेंटेट जायरस नावाचा एक पट्टा आहे आणि त्यात लहान, गोल, दाटीने बसलेल्या चेतापेशी असतात, त्यांना ग्रॅन्युल पेशी म्हणतात. वाद फक्त या पट्ट्याचा आहे. त्याच्या आतल्या कडेला मूळपेशी असतात, त्या विभागतात, आणि त्यातल्या काहींच्या पुढे ग्रॅन्युल पेशी होतात. १९६५ साली जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी हे घुशीत दाखवलं. विभागणारी पेशी नवा डीएनए बनवते, म्हणून त्यांनी डीएनएचा एक घटक किरणोत्सारी करून टोचला आणि नंतर तो कोणत्या पेशींत सापडतो ते पाहिलं. पुढे २००१ साली मोजणी झाली तेव्हा तरुण घुशीत दिवसाला सुमारे ९,००० नव्या पेशी निघाल्या. त्यातल्या बऱ्याच काही आठवड्यांत मरतात.

जिवंत माणसात असं काही टोचून नंतर मेंदू कापून बघता येत नाही. तरी एक संधी मिळाली होती. कॅन्सरच्या काही रुग्णांना गाठीतल्या पेशी किती वेगाने विभागतात हे मोजण्यासाठी बीआरडीयू नावाचा डीएनएत शिरणारा पदार्थ शिरेतून दिला गेला होता. स्वीडन आणि अमेरिकेतल्या एका गटाने अशा पाच रुग्णांचे मेंदू, मृत्यूनंतर आणि संमतीने, तपासले. वय ५७ ते ७२. पाचही जणांच्या डेंटेट जायरसमध्ये बीआरडीयू असलेल्या चेतापेशी सापडल्या. हे १९९८ साली छापून आलं आणि «माणसातही नव्या पेशी» ही बातमी मुख्यतः तिथून सुरू झाली. पुरावा महत्त्वाचा आहे, पण पाचच माणसं, तीही आजारी. शिवाय बीआरडीयू डीएनए दुरुस्त होत असतानाही थोडा शिरू शकतो. त्या गटाने ही शंका विचारात घेतली होती, पण एवढ्यावरून रोजचा आकडा काढता येत नाही.

आकडा आला २०१३ साली, आणि तो आला अणुचाचण्यांमुळे. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर झालेल्या चाचण्यांनी हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जवळजवळ दुप्पट झाला, मग बंदीचा करार झाला आणि तो वर्षानुवर्षं कमी होत गेला. आपण जे खातो त्यातून तो शरीरात येतो आणि पेशी जन्मताना तिच्या डीएनएत पक्का बसतो. म्हणजे डीएनएतल्या कार्बन-१४ वरून पेशी कोणत्या काळात जन्मली हे काढता येतं. समजा, एक माणूस १९३० साली जन्मला. त्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या सगळ्या चेतापेशी जन्माच्या सुमारासच तयार झाल्या असतील, तर त्यांच्या डीएनएत चाचण्यांआधीच्या हवेइतकाच कार्बन-१४ असायला हवा. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाला अशा माणसांत तो जास्त सापडला. त्यांनी गणित करून सांगितलं की प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला सरासरी ७०० नव्या चेतापेशींची भर पडते, आणि नव्याने भरल्या जाणाऱ्या हिश्श्यात वर्षाला १.७५ टक्के पेशी बदलतात.

हे दोन आकडे एकमेकांशी जुळतात का ते स्वतः करून बघा. ७०० गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला सुमारे २ लाख ५५ हजार. ही संख्या जर १.७५ टक्के असेल, तर पूर्ण हिस्सा झाला सुमारे १ कोटी ४६ लाख. वेगळ्या मोजणीने माणसाच्या एका डेंटेट जायरसमध्ये सुमारे दीड कोटी ग्रॅन्युल पेशी धरल्या जातात. म्हणजे हा हिस्सा डेंटेट जायरसच असावा, असं गणितातून आपोआप निघतं. मला या अभ्यासातला सर्वांत पटणारा भाग मात्र दुसराच वाटतो. त्याच पद्धतीने मेंदूच्या कवचातल्या आणि वास ओळखणाऱ्या भागातल्या चेतापेशी तपासल्या, तेव्हा मोठेपणी नवी भर जवळजवळ शून्य निघाली. म्हणजे ही पद्धत कुठेही लावली तरी «आहे» म्हणते असं नाही.

तिच्या मर्यादाही खऱ्या आहेत. एका मापासाठी लाखो केंद्रकं एकत्र करावी लागतात, त्यामुळे कळते ती सरासरी; एकही पेशी डोळ्यांनी दिसत नाही. केंद्रकं यंत्राने वेगळी काढताना चेतापेशींच्या ढिगात ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या, थोड्या पेशींची केंद्रकं मिसळली, तर माप नव्याकडे झुकतं, कारण ग्लिया पेशी आयुष्यभर बदलत राहतात. यासाठी दुरुस्ती केलेली आहे, पण अंतिम आकडा त्या दुरुस्तीवर आणि निवडलेल्या गणिती प्रारूपावर उभा आहे. म्हणून ७०० हा आकडा सोन्याच्या तराजूवरचा समजू नका. परिमाण म्हणून धरा.

आता ही ७०० पेशींची गोष्ट स्लाइडवर नेऊ, कारण २०१८ चा गोंधळ तिथे आहे. तरुण चेतापेशी ओळखायला डबलकॉर्टिन नावाचं प्रथिन शोधतात, त्यालाच चिकटणारी आणि चमकणारा रंग देणारी अँटीबॉडी लावून. ते पेशीच्या आतल्या सांगाड्याशी जोडलेलं असतं आणि वाढत्या पेशीत काही काळच असतं. उंदरात हा काळ तीनचार आठवडे. तोच माणसाला लावून २८ दिवस धरला, तर ७०० गुणिले २८ म्हणजे एका हिप्पोकॅम्पसमध्ये कोणत्याही क्षणी १९,६०० डबलकॉर्टिनवाल्या पेशी. चार सेंटिमीटरचे २० मायक्रॉन जाडीचे काप केले तर २,००० काप होतात. म्हणजे एका कापात साधारण १० पेशी, आणि त्या सुमारे ७,३०० ग्रॅन्युल पेशींमध्ये विखुरलेल्या. विभागत असलेली पेशी त्या अवस्थेत एखादाच दिवस असते असं धरलं, तर तशी पेशी तीन कापांत एखादी. ७०० हा टिकलेल्या पेशींचा आकडा आहे, वाटेत मरणाऱ्या धरल्या तर या संख्या काही पटींनी वाढतील. तरीही हातात येतं ते मूठभरच.

त्यामुळे रंगवताना नव्वद टक्के खूण हरवली, तर दहाची एक पेशी उरते, आणि त्या एका पेशीबद्दल कोणी खात्रीने बोलणार नाही. खूण हरवते कशी? दोन टप्प्यांत. पहिला टप्पा मृत्यूनंतरचा. पेशीतली प्रथिनं तोडणारी रसायनं मोकळी होतात आणि डबलकॉर्टिन लवकर बळी पडतं. प्राण्यांत काही तासांतच खूण फिकी पडताना दिसते. दुसरा टप्पा फॉर्मॅल्डिहाइडचा. मेंदू टिकवायला तो त्यात ठेवावाच लागतो. हे रसायन प्रथिनांना एकमेकांशी बांधतं, आणि वेळ जाईल तसं बांधकाम घट्ट होत जातं. मग अँटीबॉडीला जिथे चिकटायचं ती जागाच झाकली जाते. काप गरम द्रावणात ठेवून ही बांधणी थोडी सोडवता येते, पण आठवडे किंवा महिने फॉर्मॅल्डिहाइडमध्ये पडून राहिलेल्या मेंदूच्या तुकड्यातून, म्हणजे ब्लॉकमधून, पूर्ण खूण परत येईलच असं नाही. मेंदूसंग्रहातले बरेच ब्लॉक असे असतात.

याच्या उलट, नसलेलं दिसण्याचा धोकाही आहे, आणि तो प्रौढ माणसाच्या मेंदूत विशेष. वयाबरोबर चेतापेशींत लिपोफसिन नावाचे पिवळट कण साचतात आणि ते आपोआप चमकतात. सूक्ष्मदर्शकाच्या हिरव्या चॅनेलमध्ये पेशीच्या बाजूला दाणेदार चमक दिसली की नवख्याला ती खूण वाटते. ओळखायची रीत सोपी आहे: तीच चमक, त्याच जागी, लाल चॅनेलमध्येही आहे का बघा, आणि अँटीबॉडी न लावलेला शेजारचा काप बघा. तिथेही दिसली तर ती लिपोफसिन. खऱ्या डबलकॉर्टिन पेशीत रंग सलग असतो, केंद्रकाभोवती आणि फांदीत वरपर्यंत.

एवढं डोक्यात ठेवून २०१८ चे दोन्ही अभ्यास वाचा. मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या गटाचा आला. मृत्यूनंतर मिळालेले १८ ते ७७ वयाच्या १७ प्रौढांचे नमुने, शिवाय फेफऱ्याच्या शस्त्रक्रियेत काढलेले १२ प्रौढांचे. तरुण चेतापेशी कुणातही नाहीत. गर्भात आणि नवजात बाळात मात्र भरपूर, पहिल्या वर्षातच झपाट्याने कमी, आणि ७ व १३ वर्षांच्या मुलांत तुरळक. महिनाभरात न्यूयॉर्कच्या गटाचा आला. १४ ते ७९ वयाची २८ माणसं, अचानक मृत्यू झालेली, सगळी आधी निरोगी, आणि पूर्ण हिप्पोकॅम्पसचा हिशेब. त्यांना सर्व वयांत हजारो तरुण पेशी सापडल्या, जरी म्हाताऱ्यांत मूळपेशींचा एक साठा लहान झालेला होता.

पहिल्या गटावर पहिला आक्षेप अर्थातच प्रक्रियेचा आला. त्यांचं उत्तर होतं की बाळांच्या नमुन्यांत हीच पद्धत चालली. हे उत्तर अर्धंच पुरतं. बाळात पेशी इतक्या असतात की नव्वद टक्के खूण गेली तरी बऱ्याच उरतात. प्रौढात दहाची एक उरते. पण शस्त्रक्रियेतले नमुने हा त्यांचा खरोखर भक्कम मुद्दा आहे, कारण तिथे मृत्यूनंतरचा वेळ नसतोच आणि ऊतक लगेच टिकवलं जातं. त्यावर दुसरी बाजू म्हणते की वारंवार फेफरं येणाऱ्या मेंदूचा हिप्पोकॅम्पस निरोगी माणसासारखा धरता येत नाही. दोन्ही खरं आहे.

दुसऱ्या गटावरचा आक्षेप पेशींच्या रूपाबद्दल होता. छायाचित्रांतल्या बऱ्याच पेशी गोल, मोठ्या, पूर्ण वाढलेल्या वाटतात. तरुण पेशी सहसा लहान आणि लांबट असते. शिवाय डबलकॉर्टिन आणि पीएसए-एनकॅम या दोन्ही खुणा एकाच पेशीत दिसायला हव्यात, कारण दुसरी खूण एकटी असेल तर ती इंटरन्यूरॉन नावाच्या वेगळ्या जातीच्या जुन्या चेतापेशींतही असते.

२०१९ साली माद्रिदच्या गटाने प्रक्रियेचा प्रश्न थेट तपासला. मृत्यूनंतर दहा तासांच्या आत घेतलेलं ऊतक, फॉर्मॅल्डिहाइडमध्ये २४ तासच, आणि चमक घालवण्याची प्रक्रिया. ४३ ते ८७ वयाच्या १३ निरोगी माणसांत डबलकॉर्टिन पेशी भरपूर दिसल्या. अल्झायमरच्या रुग्णांत आजार वाढेल तशा कमी. एकाच मेंदूचे तुकडे वेगवेगळा वेळ फॉर्मॅल्डिहाइडमध्ये ठेवल्यावर जास्त वेळवाल्यांत खूण नाहीशी होत गेली. हे पाहिल्यावर, जुन्या ब्लॉकमधल्या शून्यावर विसंबता येत नाही, असं मी म्हणेन.

पण इथेच बहुतेक बातम्या थांबतात आणि खरा कठीण प्रश्न सुटून जातो. डबलकॉर्टिन असलेली पेशी अपरिपक्व आहे, इतकंच सिद्ध होतं. ती अलीकडे जन्मली, हे नाही. उंदरात दोन्ही एकच, कारण तिथे पेशी महिन्याभरात वाढते. माकडात वाढ कमीत कमी सहा महिने घेते. वरच्या गणितात २८ ऐवजी १८० दिवस घाला: त्याच ७०० पेशींत कापाला १० ऐवजी ६३ पेशी दिसतील. आणि माणसात एखादी पेशी बालपणी जन्मून वर्षानुवर्षं अर्धवट वाढलेली राहत असेल, तर रोजची भर अगदी थोडी असूनही स्लाइड भरलेली दिसेल. मेंदूच्या अमिग्डाला भागात बालपणातल्या अशा रेंगाळलेल्या पेशी मोठेपणीही सापडतात, म्हणून ही कल्पना हवेतली नाही. मला स्वतःला आजच्या वादाचा गाभा हाच वाटतो.

गेल्या काही वर्षांत स्लाइड सोडून एकेका केंद्रकातला आरएनए वाचायची पद्धत आली, आणि तिनेही लगेच निकाल दिला नाही. २०२२ साली येलच्या गटाला डुक्कर आणि माकडात मूळपेशीपासून ग्रॅन्युल पेशीपर्यंतची साखळी दिसली, प्रौढ माणसात दिसली नाही, आणि डबलकॉर्टिनचा आरएनए इंटरन्यूरॉनमध्येही सापडला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या गटाने बाळांतल्या अपरिपक्व ग्रॅन्युल पेशींचा ठसा संगणकाला शिकवून तो सर्व वयांत शोधला, आणि त्यांना त्या म्हाताऱ्यांतही सापडल्या, पण विभागणी फार कमी. हजारो केंद्रकांत दहावीस पेशी शोधताना गणिताने गट कसे पाडले यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून २०२५ साली कॅरोलिन्स्काच्या गटाने उलट बाजूने सुरुवात केली: विभागणीची खूण असलेली केंद्रकंच आधी गाळून गोळा केली आणि मग वाचली. नवजात ते ७८ वर्षांपर्यंतच्या नमुन्यांत त्यांना विभागणाऱ्या पूर्वज पेशी सापडल्या, आणि ऊतकात त्यांची जागाही डेंटेट जायरसच निघाली. प्रौढांत फरक मोठा होता, काहींत अशा पेशी बऱ्याच, काहींत जवळजवळ नाहीतच. ही तफावत खरी असेल, तर आधीच्या गटांनी वेगवेगळी माणसं पाहिली हेही मतभेदाचं एक कारण असू शकतं.

आता पळण्याचं. १९९९ साली पिंजऱ्यात चाक दिलेल्या उंदरांत नव्या चेतापेशी वाढल्याचं दिसलं आणि ते नंतर अनेकांनी पुन्हा दाखवलं. उंदरापुरतं ते पक्कं समजा. माणसात २०११ चा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो: १२० वयस्कर माणसं, त्यातल्या अर्ध्यांनी वर्षभर चालण्याचा व्यायाम केला, आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार एमआरआयवर सुमारे २ टक्क्यांनी वाढला. हा निष्कर्ष व्यायामाच्या बाजूचाच आहे. पण एमआरआयला पेशी दिसत नाहीत. रक्तवाहिन्या वाढल्या, फांद्या दाट झाल्या, ग्लिया वाढल्या, पाणी कमीजास्त झालं, तरी आकार बदलतो. जिवंत माणसात नव्या चेतापेशी मोजायची खात्रीची पद्धत आज नाही. तेव्हा पळायला जरूर जा, पण «रोज इतक्या नव्या पेशी» असं सांगून कोणी गोळी किंवा वर्ग विकत असेल, तर त्याने ते मोजलेलं नाही हे धरून चाला.

पुढच्या वेळी अशी बातमी आली की मूळ लेखातला पद्धतीचा भाग उघडा आणि तीनचार गोष्टी शोधा. मृत्यूनंतर किती तासांनी ऊतक घेतलं आणि किती वेळ फॉर्मॅल्डिहाइडमध्ये होतं. बाळाचा नमुना त्याच वेळेच्या हिशेबात ठेवून तुलना केली का, की बाळाचं ऊतक ताजं आणि प्रौढाचं जुनं. अँटीबॉडी न लावलेल्या कापाचं छायाचित्र दिलंय का. आणि सर्वांत शेवटी, लेखकांनी «अपरिपक्व» लिहिलंय की «नवजात», आणि नवजात म्हणत असतील तर जन्माची वेळ कशावरून काढली. शून्य सापडल्याचा दावा असेल तर आणखी एक: किती काप मोजले. माझ्या वरच्या हिशेबात विभागणारी पेशी तीन कापांत एक येते. कुणी प्रत्येकी चारपाच काप बघून विभागणारी पेशी नाही म्हणत असेल, तर त्याच्या हातात एखादीच यायची होती, आणि ती न येणं अगदी सहज शक्य आहे.